घरच्या व्यायामाचं पत्रक: जागा एका चटईएवढी, साहित्य शून्य

शिट्टी

पाचवी-सहावीच्या मुलांना घरून शिकताना शारीरिक शिक्षणाचं एक पत्रक द्यायचं आहे. वय 10 ते 12. बहुतेकांची घरं लहान, त्याच खोलीत आणखी कुणाचा तरी तास किंवा काम चालू असतं. दोरी, चेंडू, डंबेल काहीही गृहीत धरायचं नाही. वेळ 20 मिनिटं.

पहिला मसुदा असा आहे: जागेवर धावणं 1 मिनिट, जंपिंग जॅक 30, दोरीशिवाय दोरीउड्या 50, बैठका 20, जोर 10, प्लँक 30 सेकंद, पोटाचे व्यायाम 15, एका पायावर उभं राहणं 30 सेकंद. शेवटी 'केले / नाही केले' असा रकाना आणि पालकांची सही. एका ए-फोर पानावर बसवलंय, पीडीएफ करून पाठवायचं.

तीन अडचणी आत्ताच दिसताहेत. खालच्या मजल्यावरून तक्रारी येणार. सगळी मुलं सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण करून पाठवणार. आणि काहींकडे आडवं व्हायलाही जागा नाही. पत्रक कसं सुधारावं?

---

मधली_सुट्टी

पत्रक लांबलचक आहे. आठ व्यायाम मुलं वाचणारच नाहीत. सहा पुरे.

---

शाईपेन

शीर्षकात 'साहित्य' वाचून वाटलं भाषेच्या कृतिपत्रिकेबद्दल आहे. आकलनाचे उतारे आणि वर्तुळं भरणं याबद्दल सविस्तर लिहायच्या तयारीत आले होते. असो. तरी एक सांगते, 'केले / नाही केले' हा रकाना कुठल्याही विषयात निरुपयोगीच. त्याला एकच उत्तर येतं.

---

शिट्टी

@शाईपेन, हाहा. उतारे नकोत, पण रकान्याबद्दल पटलं. त्याऐवजी काय विचारावं?

---

तळमजला

मी नावाप्रमाणे खाली राहतो, म्हणून उड्यांबद्दल बोलायचा हक्क माझाच. 😄 उडी मारून उतरताना जमिनीवर पडणारा जोर वजनाच्या कितीतरी पट होतो. 35 किलोचं मूल 50 उड्या मारतं तेव्हा वर त्याला काहीच वाटत नाही, खाली दिवा हलतो. सोपा उपाय म्हणजे उड्या मारताना जाड गोधडीची चौपदरी घडी खाली घालायची.

---

पाठीचा_कणा

@तळमजला, अर्धंच बरोबर. गोधडीने टाचेचा 'टक्' असा आवाज कमी होतो, पण 'धप्प' तसाच स्लॅबमधून खाली जातो. तक्रार त्या 'धप्प'चीच असते. शिवाय मऊ घडीवर उतरताना पाऊल तिरकं पडतं, आणि गुळगुळीत फरशीवर घडीच सरकते. घोटा मुरगळायला याहून सोयीची व्यवस्था नाही.

उड्या काढूनच टाका. मसुद्यात तीन व्यायाम उड्यांचे आहेत: जागेवर धावणं, जॅक आणि दोरीउड्या. तिघांचं काम एकच, दम लागणं. त्यांच्या जागी दोन शांत व्यायाम ठेवा.

पहिला, शांत जॅक. उजवा पाय बाजूला टाकायचा आणि त्याच वेळी दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, मग परत मध्ये. मग डावा. एक पाय कायम जमिनीवर राहतो.

दुसरा, उंच गुडघ्यांची जागेवरची चाल. इथे मुलं फसवतात, म्हणजे गुडघा चार बोटं उचलतात आणि पाय भराभर आपटतात. म्हणून उंचीची खूण लागते. सरळ उभं राहून गुडघ्याची वाटी आणि कमरेचं पुढे आलेलं हाड यांच्या बरोबर मधली जागा मांडीवर शोधायची. तेवढ्या उंचीवर शेजारच्या भिंतीला कागदाचा तुकडा चिकटवायचा. गुडघा दर वेळी त्या कागदापर्यंत आला पाहिजे. मोजायचा फक्त उजवा गुडघा, नाहीतर मोजणी चुकते. पाऊल खाली ठेवताना आधी चवडा, मग टाच. आपल्या पावलाचा आवाज आपल्याला ऐकू आला तर चाल चुकली, हीच खूण पत्रकात लिहा. त्यासाठी वेगळं काही मोजावं लागत नाही.

---

उकाडा

पण न उडता दम लागतो का? उड्या काढल्या तर उरतो तो हात-पाय हलवण्याचा कार्यक्रम.

---

पाठीचा_कणा

लागतो, पण आपोआप नाही, हे खरं. उडी काढली की मेहनत कमी होते, ती दुसरीकडून भरून काढावी लागते. हात खांद्याच्या वर गेले पाहिजेत, गुडघा खुणेपर्यंत आला पाहिजे, मधली विश्रांती लहान हवी. हात कमरेवर ठेवून केलेला शांत जॅक म्हणजे नुसती पावलांची अदलाबदल.

---

गुणाकार

दम लागला की नाही हे नाडीवरून बघा ना. 220 मधून वय वजा करायचं आणि त्याच्या 60 ते 80 टक्क्यांत नाडी ठेवायला सांगायची. 11 वर्षांच्या मुलाला 209, म्हणजे साधारण 125 ते 167. पत्रकात गणितही होईल.

---

पाठीचा_कणा

ते सूत्र मोठ्यांसाठी आहे. मुलांची कमाल नाडी वयाप्रमाणे दरवर्षी एकेकाने उतरत नाही. ती किशोरवयापर्यंत 200 च्या आसपासच असते. तरी खरी अडचण सूत्राची नाही, मोजण्याची आहे. मूल 10 सेकंद मोजून 6 ने गुणतं. एक ठोका चुकला की उत्तर 6 ने चुकतं, दोन चुकले की 12 ने. त्यात बोट सापडेपर्यंत अर्धं मिनिट जातं, तोवर नाडी बरीच खाली आलेली असते. अंगठ्याने मोजणाऱ्यांना तर स्वतःच्या अंगठ्याचीच नाडी लागते.

नाडी घेऊच नका असं नाही. व्यायामाआधी 15 सेकंद आणि संपल्यावर लगेच 15 सेकंद, दोन्ही वेळा पहिली दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. आकडे गुणायचे नाहीत, तसेच शेजारी शेजारी लिहायचे. '21 आणि 36' एवढंच. पल्ल्यात बसवायची सक्ती केली की मुलं पल्ल्यात बसणारा आकडा लिहून टाकतात.

---

चौकोनी_डबा

नाडीपेक्षा पाढा बरा. व्यायाम करताना मोठ्याने पाढा म्हणायचा. सगळा पाढा आरामात म्हणता आला तर मेहनत कमी. दोन-तीन ओळींनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर बरोबर. एक ओळही पुरी होत नसेल तर वेग कमी करा. घड्याळ नको, बोट नको. बोलून दमाचा अंदाज घ्यायची पद्धत मोठ्यांसाठीही वापरतात.

---

मधली_सुट्टी

सतराचा पाढा असेल तर बसल्या जागीही धाप लागते.

---

चौकोनी_डबा

म्हणूनच तोंडपाठ असलेला घ्यायचा, 5 चा किंवा 10 चा. नाहीतर श्वास नेमका कशाने अडला ते कळत नाही. 😀

---

घड्याळजी

एक मूळ गोष्ट कुणी काढलेली नाही. मसुद्यात तीन ओळी वेळेत आहेत आणि पाच संख्येत. घड्याळ कुठे आहे? ज्या फोनवर घड्याळ, त्याच फोनवर पत्रक, आणि तोच फोन दुसऱ्या भावंडाच्या तासाला. 'प्लँक 30 सेकंद' हे मूल मनातल्या मनात मोजतं आणि थकल्यावर त्याचे सेकंद आखूड होत जातात. तीस म्हणेपर्यंत खरे अठरा झालेले असतात.

उलट 'बैठका 20' लिहिलं की शर्यत सुरू होते. पंधरा सेकंदांत वीस बैठका, अर्ध्याच वाकून.

उपाय म्हणजे संख्येबरोबर लय द्या. 'खाली जाताना 1-2-3, वर येताना 4, अशा 8 बैठका.' एका बैठकीला चार आकडे, आठांचे बत्तीस. आकडा सेकंदाचा धरला तर बत्तीस सेकंद झाले, घड्याळ न बघता. हळू जावं लागतं, त्यामुळे अर्धी बैठकही लपत नाही. आकडे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. सेकंदाच्या जवळ राहायचं असेल तर 'एक, दोन' ऐवजी 'एकशे एक, एकशे दोन' म्हणायला लावा. तोंडाला तेवढा वेळ लागतोच.

---

उकाडा

@घड्याळजी, हे सगळ्यांत कामाचं. पण वेळ धरून केलं तर ज्याला जमतं तो 12 करतो, ज्याला जमत नाही तो 5, दोघांनाही चालतं. तुमच्या पद्धतीत सगळ्यांना 8 च. जाड मुलाला तिसऱ्या बैठकीलाच खाली बसावं लागतं.

---

घड्याळजी

संख्या 8 च ठेवा, खोली बदला. बैठक खुर्चीसमोर करायची. जमत असेल त्याने खुर्चीला नुसतं टेकून उठायचं, नसेल त्याने पूर्ण बसून उठायचं, त्याहून कठीण वाटलं तर हात मांडीवर टेकून उठायचं. लय तीच. खुर्ची मात्र चाकांची नको आणि पाठ भिंतीला लागलेली हवी. खुर्ची नसेल तर पलंगाची कडा.

---

उकाडा

तरी मला वेळच बरी वाटते. एकाच खोलीत दोघं करत असतील तर दोघांची लय जुळत नाही, मोठ्याने मोजताना घोटाळा होतो.

---

तळमजला

आणि दुसऱ्या कुणाचा तास चालू असताना 'एकशे एक, एकशे दोन' ओरडणार कोण?

---

घड्याळजी

पुटपुटलं तरी चालतं. ओठ हलले की श्वास चालू राहतो, एवढंच हवं आहे. तास चालू असेल तेव्हा पाढ्याची परीक्षा सोडून द्या, नाडीचे दोन आकडे घ्या.

---

गुळगुळीत_फरशी

जागेबद्दल. 'एका चटईएवढी' हे मोघम झालं. मुलांना मोजायला लावा, तोच पत्रकाचा पहिला प्रश्न ठेवा. हात बाजूला पसरले की दोन्ही हातांच्या टोकांमधलं अंतर जवळजवळ उंचीएवढं भरतं. 140 सेंटीमीटरच्या मुलाला बाजूच्या हालचालीसाठी तेवढीच मोकळी रुंदी हवी. हात डोक्यावर ताणून आडवं झालं तर लांबी साधारण 175 ते 180 सेंटीमीटर होते. ही दोन मापं एका चौकात मिळतीलच असं नाही. म्हणून व्यायामांचे दोन गट करा, उभ्याचे आणि पट्टीचे. पट्टी म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधली बोळकांडी, 60-70 सेंटीमीटर रुंद. तिथे प्लँक होतो, जॅक होत नाही.

मापाची रीत अशी: मधोमध उभं राहून हात पसरायचे आणि डोळे उघडे ठेवून हळूच एक पूर्ण गिरकी घ्यायची. बोटं कशालाही लागली तर दोन पावलं सरकून पुन्हा. मग मान वर करून पंखा किंवा दिवा बघायचा. शेवटी खाली बघून चार्जरची वायर. हे तिसरं सगळे विसरतात.

आणि मोजे काढून. फरशीवर मोजे घालून बाजूला पाऊल टाकलं की पाय लांब निसटतो आणि जांघेत ताण बसतो.

---

शिट्टी

फार उपयोगी. पण आडवं व्हायला 180 सेंटीमीटर नाहीच मिळाले तर?

---

पाठीचा_कणा

आडवे व्यायाम उभे करा. जोर भिंतीवर काढता येतात. भिंतीसमोर उभं राहायचं, पंजे खांद्याच्या उंचीवर भिंतीला लावायचे आणि स्वतःच्या पावलांच्या मापाने दोन पावलं मागे सरकायचं. 1-2 म्हणत कोपर वाकवायचे, 3-4 म्हणत सरळ करायचे. आठ वेळा, म्हणजे पुन्हा बत्तीस. दोन चुका होतात. एक, कंबर मागे राहते आणि नुसतं डोकं भिंतीकडे जातं. नाक आणि पोट एकाच वेळी भिंतीजवळ आलं पाहिजे. दोन, भिंत म्हणून दार किंवा कपाटाची काच वापरली जाते. पत्रकात 'दार नको, काच नको' असं ठळक लिहा. दार आतल्या बाजूने उघडलं तर काय होईल ते सांगायला नको.

सोपं वाटायला लागलं की आणखी अर्धं पाऊल मागे. साहित्य नसताना मेहनत अशीच वाढवतात: पाय लांब, लय हळू, आधार कमी.

प्लँकसाठी गुडघे टेकवले की लांबी बरीच वाचते. कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक तिरकी सरळ रेघ. कंबर खाली लोंबली की थांबायचं, आकडा पुरा झाला नसला तरी. ते मुलाला स्वतःला दिसत नाही. म्हणून खूण जाणवणारी द्यावी: ताण पोटात जाणवायला हवा, कमरेत जाणवला तर मोडायचं.

---

वळणदार

एक शंका. माझी मुलगी दुसरीत आहे, तिलाही मोठ्या भावाचंच पत्रक करायचं असतं. बत्तीसपर्यंत तिला दम निघत नाही. निम्मे आकडे दिले तर चालेल का?

---

पाठीचा_कणा

आकडे निम्मे करून भागत नाही. त्या वयात लय धरून ठेवणं हेच अवघड काम. तिला लय नको, नक्कल द्या. भिंतीवरच्या जोराऐवजी 'भिंत ढकल', चालीऐवजी 'चिखलातून चाल'. दर 10-15 सेकंदांनी बदल. प्लँक तर नकोच. चार पायांवर अस्वलासारखी दोन पावलं पुढे, दोन मागे, एवढं पुरे.

---

वळणदार

चिखलातून चाल सुरू झाली आहे. थांबत नाही. धन्यवाद म्हणू की नको, ठरवते.

---

रांगोळी_ठिपके

जे मूल उभं राहू शकत नाही, किंवा ज्याच्या पायाला प्लास्टर आहे, त्याच्यासाठी वेगळं पत्रक करू नका. वेगळं पत्रक उशिरा येतं आणि बहुधा 'हाताचे व्यायाम करा' अशा एका ओळीचं असतं. त्याच पत्रकात प्रत्येक व्यायामापुढे 'बसून' असा एक रकाना ठेवा. बैठकीच्या जागी खुर्चीचं आसन दोन्ही हातांनी दाबून 1-2-3 म्हणत अंग हलकं करायचं. शांत जॅकला बसून फक्त हात वर-खाली. चालीला हात मुठी करून पुढे-मागे, धावताना हलतात तसे. एका पायावरच्या तोलाला टेकू न घेता ताठ बसायचं आणि एक हात जमेल तेवढा बाजूला न्यायचा. प्लँकच्या जागी पंजे टेबलावर ठेवून पोट आवळून टेबल खाली दाबायचं.

आकडे आणि लय तीच राहू द्या. वर्गात विचारताना 'चौथा व्यायाम कसा वाटला' हा प्रश्न मग सगळ्यांना एकच विचारता येतो.

---

गुणाकार

पत्रकाच्या फाइलबद्दल कुणीच बोललं नाही. ए-फोर पानाची रुंदी 210 मिलिमीटर, फोनच्या पडद्याची 65-70. म्हणजे सगळं एक-तृतीयांश होतं. 12 चा फाँट मुलाला 4 चा दिसतो. मग मूल चिमटीने मोठं करतं, ओळ पडद्याबाहेर जाते, आणि 'बसून'चा रकाना त्याला कधी दिसतच नाही.

पानाची रुंदीच 100 मिलिमीटर ठेवा आणि फाँट 18. फोनवर ते दोन-तृतीयांश होऊन 12 चं दिसतं. एका पानावर एकच व्यायाम. रकाने शेजारी शेजारी नकोत, एकाखाली एक. पीडीएफपेक्षा साध्या चित्राच्या फाइली, एकेक व्यायामाची एकेक, म्हणजे नेट गेलं तरी उघडतात.

---

शाईपेन

@गुणाकार, नाडीत चुकलात पण इथे बरोबर. 😀 घरी छपाई होणार नाही हे धरून एक भर: नोंदीचा तक्ता वहीत पाच मिनिटांत उतरवून घेता आला पाहिजे. सहा ओळी, चार रकाने, त्याहून जास्त नाही. रंगांवर काही अवलंबून ठेवू नका. 'लाल चौकटीतला व्यायाम' हे वहीत उतरत नाही.

भाषेचंही बघा. 'गुडघे शरीराच्या मध्यरेषेस समांतर ठेवून' हे 11 वर्षांच्या मुलाने कसं वाचायचं? क्रियापद आधी कळलं पाहिजे. 'खुर्चीपुढे उभा राहा. 1-2-3 म्हणत खाली जा. 4 म्हणत उठ.' एका वाक्यात एकच हालचाल.

---

चौकोनी_डबा

चित्रांत दोन आकृत्या पुरेत, सुरुवात आणि शेवट. बैठक, भिंत आणि प्लँक बाजूने काढायचे, जॅक समोरून. बैठक समोरून काढली तर खोली कळतच नाही, माणूस बुटका झाला एवढंच दिसतं.

---

शिट्टी

आता रकान्याचा प्रश्न उरला. केलं की नाही हे कळणार कसं? व्हिडिओ मागवावा असा एक विचार आहे.

---

रांगोळी_ठिपके

व्हिडिओ नको. लहान घरात व्हिडिओ म्हणजे मागे झोपलेली आजी, वाळत घातलेले कपडे, सगळं वर्गाच्या गटात. ज्याला घर दाखवायचं नाही ते मूल 'केलं नाही' म्हणेल आणि गुण घालवेल.

---

उकाडा

पण व्हिडिओ नसेल तर कमरेची चूक सुधारणार कोण? पत्रक चूक दाखवू शकत नाही. गटावर न टाकता फक्त शिक्षकांना, दहा सेकंदांचा, भिंतीसमोर, चेहऱ्याशिवाय मागवावा.

---

रांगोळी_ठिपके

चेहऱ्याशिवाय दहा सेकंद, हे तुम्ही आम्ही म्हणतो. मूल फोन कुणाच्या हातात देणार? घरात दुसरं कुणी मोकळं असतं का? आणि ऐच्छिक म्हटलं तरी तीन जणांनी पाठवला की चौथ्याला सक्ती वाटते.

---

उकाडा

मान्य नाही, पण पुढे बोलत नाही.

---

शाईपेन

केल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा प्रश्न विचारा. 'एका पायावर उभा होतास तेव्हा तोल आधी कुठे जात होता, अंगठ्याकडे की करंगळीकडे? कोणत्या पायावर जास्त?' हे कल्पनेने लिहिता येतं, पण करून बघणं जास्त सोपं पडतं. 'पाढा कितव्या ओळीला अडला?' हाही तसाच. 'किती केलेस' हा एकच प्रश्न न करता लिहायला सगळ्यांत सोपा, आणि आपण नेमका तोच विचारतो.

---

घड्याळजी

रचलेली नोंद ओळखूही येते. 8, 9, 10, 11, 12 अशी रोज एकेक चढती पायरी कुणाच्या शरीराची नसते. खरी नोंद खाली-वर होते: 8, 8, 6, 9, 7. सहा आला त्या दिवशी 'का?' एवढं विचारलं तरी पुरतं. मात्र गुण आकड्यांवर देऊ नका, नाहीतर खरे लिहिणाऱ्यालाच कमी मिळतील.

---

शिट्टी

सगळ्यांचं धरून सुधारित पत्रक असं होतंय. बघा.

आधी गिरकी घेऊन जागा बघणं, वर पंखा, खाली वायर. मोजे काढणं. नाडी 15 सेकंद. मग 4 मिनिटं अंग मोकळं करणं: खांदे, कंबर, घोटे, आणि हळू चाल.

1. खुर्चीपर्यंत बैठक, 3 खाली 1 वर, 8 वेळा
2. भिंतीवरचे जोर, 2 आत 2 बाहेर, 8 वेळा
3. शांत जॅक, बाहेर 1 आत 1, 16 वेळा
4. गुडघे टेकून प्लँक, 30 आकडे
5. उंच गुडघ्यांची चाल, फक्त उजवा गुडघा मोजून 30
6. एका पायावर तोल, उजवा 30, डावा 30

प्रत्येकानंतर 30 आकडे थांबणं. अशा दोन फेऱ्या, मध्ये एक मिनिट. लगेच नाडी 15 सेकंद. 3 मिनिटं ताण देणं आणि शांत बसणं. एकूण 4 + 13 + 3 = 20 मिनिटं. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा श्वासात शिट्टीसारखा आवाज आला तर लगेच थांबून मोठ्यांना सांगणं, हे पहिल्याच पानावर.

---

मधली_सुट्टी

श्वासात शिट्टी आली तर @शिट्टी यांना सांगणं.

---

घड्याळजी

बेरीज जमत नाही. सहावा व्यायाम 30 + 30, म्हणजे साठ आकडे. बाकीचे तिसाच्या आसपास. दोन फेऱ्यांत तो एकटाच मिनिटभर जास्त खातो आणि 13 चे 14 होतात. एकतर 15 + 15 करा, नाहीतर पहिल्या फेरीत उजवा आणि दुसऱ्या फेरीत डावा.

---

पाठीचा_कणा

फेरीप्रमाणे पाय वाटू नका. दुसऱ्या फेरीत मूल आधीच दमलेलं असतं, मग डावा पाय उगीचच कच्चा ठरतो आणि @शाईपेन यांच्या प्रश्नाचं उत्तर बिघडतं. 15 + 15 करा. सोपं वाटलं तर डोळे मिटून, पण भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून.

क्रम चांगला आहे, फक्त 4 आणि 5 ची अदलाबदल करा. जॅकनंतर प्लँक घेतला की दम खाली बसतो आणि चालीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. जॅकनंतर लगेच चाल घेतली तर पाढ्याची परीक्षा चालीच्या शेवटी घेता येईल. शांत व्यायामांत दम खरा लागतो तो तिथेच.

---

गुळगुळीत_फरशी

आणि आठवडे? हेच पत्रक तिसऱ्या आठवड्यात मुलं झोपेत करतील.

---

पाठीचा_कणा

एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. दुसऱ्यात थांबणं 30 चं 20 आकडे. तिसऱ्यात थांबणं पुन्हा 30, पण बैठक 5 खाली 1 वर. सहा आकड्यांची एक झाली, म्हणून आठाऐवजी 5. चौथ्यात क्रम मुलांनी ठरवायचा. सगळं एकदम वाढवलं तर काय जड गेलं ते नोंदीत कळत नाही.

---

चौकोनी_डबा

एक लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वयासाठी सांगितलंय ते रोज सरासरी 60 मिनिटं. हे पत्रक त्याचा तिसरा भाग. पालकांना 'आजचा व्यायाम झाला' असं वाटून मूल उरलेला दिवस पडद्यासमोर बसायला नको. एखादी ओळ टाका.

---

शिट्टी

टाकतो. तोल 15 + 15 केला, चाल चौथी, प्लँक पाचवा. पानं 100 मिलिमीटरची, चित्रं दोन-दोन, 'बसून'ची ओळ प्रत्येकाखाली. व्हिडिओ सध्या मागवत नाही, पण @उकाडा यांचा मुद्दा सुटलेला नाही, कमरेच्या चुकीचं अजून काही सुचलेलं नाही.

---

वळणदार

प्लँकला पाठीवर रिकामं प्लास्टिकचं ताट ठेवायचं. कंबर लोंबली की ताट उतारावर सरकतं आणि मुलालाच कळतं. इथे चिखलवाल्या बाईंनी शोधून काढलंय. ताट स्टीलचं मात्र नको, @तळमजला आहेत.

---

तळमजला

आभारी आहे.

---

पाठीचा_कणा

ताट चालेल. पण नुसतं लोंबल्यावर नाही, कंबर वर उचलली तरी सरकेल. ते चांगलंच आहे, कंबर वर काढणं ही दुसरी चूक. ताट थोडं कमरेकडे ठेवा, खांद्यांच्या मध्ये ठेवलं तर काहीच कळणार नाही.